स्टोअर्स एक्झिक्युटिव्हची मुलाखत: मोजणी, तूट आणि रीऑर्डरवर काय विचारतात?

नवा_भिडू

नमस्कार मंडळी. सध्या स्टोअर असिस्टंट आहे. माल उतरवून घेणं, बिन कार्ड भरणं, इश्यू स्लिप बघून माल देणं, एवढं रोजचं काम. आता एका इंजिनिअरिंग कंपनीत स्टोअर्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी बोलावणं आलंय. फोनवरच्या फेरीत एकच प्रश्न विचारला: "एका बेअरिंगचे सिस्टममध्ये २४० नग आहेत, रॅकवर २१० निघाले. काय कराल?" मी म्हटलं, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेईन. तर म्हणाले, "घेतले. २१०च आहेत. आता पुढचं प्रत्यक्ष भेटीत ऐकू."

भेटीला स्टोअर्सचे हेड आणि अकाउंट्सचं कुणीतरी असणार आहे. मोजणी, तूट आणि रीऑर्डर यांवर नेमकं काय काय विचारतात आणि उत्तर कसं मांडावं? एबीसी ॲनालिसिसची व्याख्या वगैरे पाठ आहे, ते सोडून सांगा.

स्टॉकबहाद्दर

सोपं आहे रे. ३० नगांची ॲडजस्टमेंट एंट्री टाकायची, कारणात 'फिजिकल व्हेरिफिकेशन' लिहायचं, साहेबांची सही घ्यायची. सिस्टम आणि रॅक जुळलं पाहिजे, बाकी काही नाही. उत्तरात एकदा 'रूट कॉज' म्हण, समोरचे खूश होतात.

कोठावळा

बहाद्दर, साहेबांची सही घ्यायची हे बरोबर. पण ती सगळ्यात शेवटी. पहिल्याच दिवशी ३० नग उडवलेस आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळीची राहिलेली स्लिप पोस्ट झाली, तर सिस्टम आता खालच्या बाजूला चुकेल. मुलाखत घेणारा नेमकं हेच बघतो: हा माणूस फरक शोधतो की फरक पुसतो.

नवा भिडू, २१० पक्के झाल्यावर पुढे कसं बोलायचं ते सांगतो. त्यांनी बेअरिंग म्हटलंय, तर आपण ६२०५ झेडझेड धरू. खालचे आकडे मी मनाने घेतलेत, पण शोधायचा क्रम असाच असतो.

"सर, आधी मी त्या आयटमची कट-ऑफ बघेन. मोजणी सुरू झाली तेव्हा शेवटची पोस्ट झालेली इश्यू स्लिप कोणती आणि शेवटचा जीआरएन कोणता. त्यानंतरच्या स्लिपा काउंटरवर, फायलीत, कुणाच्या खिशात पडल्या असतील तर आधी त्या गोळा करेन. समजा रात्रपाळीची १२ नगांची स्लिप पोस्ट व्हायची राहिली आहे. म्हणजे माल गेलाय, पण सिस्टमला पत्ता नाही. तूट ३० वरून १८ वर आली.

मग सिस्टम ज्याला स्टॉक म्हणतं तो सगळा रॅकवरच आहे का, हे बघेन. इन्स्पेक्शनचं टेबल, रिजेक्शनचा पिंजरा, लाइनवरून परत आलेला माल. समजा प्रॉडक्शनने ६ नग परत केले, रिटर्न नोट पोस्ट झाली, पण नग अजून इन्स्पेक्शनच्या ट्रेमध्येच आहेत. ते आपलेच, फक्त मोजणाऱ्याने तिकडे बघितलं नाही. राहिले १२.

त्यानंतर शेजारच्या, मिळत्याजुळत्या आयटमची मोजणी करेन. ६२०५ टूआरएस. साइज तीच, खोकं जवळपास तसंच, फक्त एकाला पत्र्याची शील्ड आणि दुसऱ्याला रबरी सील. तिथे १० नग जादा निघाले, तर टूआरएसच्या स्लिपवर झेडझेडचं १० नगांचं खोकं गेलं असण्याची दाट शक्यता. राहिले २.

हे २ मात्र सापडत नाहीत. मागच्या मोजणीपासूनच्या सगळ्या नोंदी बिन कार्डाशी ताडून बघेन, तरी नाही मिळाले तर लेखी अहवालासह ॲडजस्टमेंटसाठी मंजुरी मागेन. मी स्वतः एंट्री टाकणार नाही."

इथपर्यंत पोचलास की समोरचा बहुतेक पुढचा प्रश्न टाकतो: "टूआरएसमध्ये १० जादा, झेडझेडमध्ये १० कमी. दोन्ही एंट्र्या केल्या, संपलं?" नाही संपलं. आधी टूआरएसच्या कप्प्यातली खोकी उघडून बघायची. झेडझेडचं खोकं तिथेच चुकून ठेवलेलं असेल तर फक्त जागा बदलायची, एंट्री लागतच नाही. तिथे नसेल, तर झेडझेड कुठल्यातरी मशीनला लागलेलं आहे. आणि टूआरएस मागवतात ते बहुधा धूळ-पाण्याची जागा असते म्हणून. झेडझेडची शील्ड आतल्या कड्याला टेकत नाही, फट राहते, पाणी थांबत नाही. त्यामुळे त्या स्लिपवरचा विभाग बघून मेंटेनन्सला त्याच दिवशी कळवायचं. हे वाक्य उत्तरात आलं की समोरच्याला कळतं, हा माणूस खरंच स्टोअरमध्ये उभा राहिलेला आहे.

नवा_भिडू

काका, हे जबरदस्त आहे. एक शंका. कट-ऑफ म्हणजे मोजणीच्या दिवशी माल देणं बंद ठेवायचं का? आमच्याकडे वार्षिक मोजणीला शटर ओढतात.

कोठावळा

वार्षिकला ओढतात, कारण तेव्हा सगळंच मोजायचं असतं. पण सायकल काउंटमध्ये रोज थोडे थोडे आयटम मोजता, तिथे लाइन थांबवून चालत नाही. हाही ठरलेला प्रश्न आहे: "मोजणी चालू असताना तातडीने माल लागला तर?" सांगायचं की मोजत असलेला कप्पा तेवढा अडवेन. तरी द्यावाच लागला तर मोजणीच्या कागदावर स्लिप नंबर, वेळ आणि नग लिहेन, आणि तो नग मोजायच्या आधी गेला की नंतर, हेही. हे 'आधी की नंतर' राहिलं की फरक दिसतो आणि तूट मुळात झालेलीच नसते.

खातेवही_ताई

मी अकाउंट्सच्या बाजूने मुलाखतीत बसते, म्हणून दोन गोष्टी.

मी हमखास विचारते, "मोजणीच्या कागदावर सिस्टमचा आकडा छापाल का?" बरेच उमेदवार उत्साहाने 'हो' म्हणतात, म्हणजे लगेच फरक कळेल. मला हवं असतं 'नाही'. कागदावर २४० दिसत असेल तर दमलेला माणूस २२०पर्यंत मोजतो आणि उरलेलं खोकं न उघडताच त्यात २० धरून टाकतो. कागदावर फक्त आयटम कोड, वर्णन, जागा आणि एकक असावं. एककही मुद्दाम सांगते, कारण एकाने खोकी मोजली आणि सिस्टममध्ये नग असले की गोंधळ ठरलेला.

दुसरा प्रश्न, "तुमच्या स्टोअरची स्टॉक ॲक्युरसी किती?" एक उमेदवार म्हणाला, ९९.८ टक्के. कशी काढली विचारलं, तर एकूण तुटीची रक्कम आणि एकूण जादाची रक्कम यांची वजाबाकी करून. वरच्याच उदाहरणात बघा, झेडझेड १० कमी, टूआरएस १० जादा, दर सारखा धरला तर फरक शून्य! रकमेत सगळं आलबेल आणि दोन्ही आयटम चुकलेले. त्यापेक्षा असं सांगा: "या महिन्यात १०० आयटम मोजले, ९४ जुळले, म्हणजे ९४ टक्के. चुकलेल्या ६ पैकी ४ स्लिप उशिरा पोस्ट झाल्यामुळे." हा आकडा लहान असला तरी मला त्यावर विश्वास ठेवता येतो.

स्टॉकबहाद्दर

ताई, १०० टक्के जुळलं पाहिजे हा हट्ट कशाला? आमच्याकडे २ टक्क्यांपर्यंत फरक माफ असतो, बघतही नाही.

खातेवही_ताई

सगळ्या आयटमला एकच माप लावता का? वजनाच्या काट्यावर मोजलेल्या वॉशरना २ टक्के ठीक आहे, तिथे मोजणीची पद्धतच तेवढी चूक करू शकते. पण मोटारीला २ टक्के म्हणजे काय? ५ मोटारींपैकी एक कमी असेल तर ती शोधावीच लागेल. शिवाय 'माफ' म्हणजे शोधमोहीम न काढता दुरुस्ती करायची मुभा. नोंदच करायची नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

कोठावळा

काट्यावरून आठवलं. स्क्रू-वॉशर कसे मोजाल, असंही विचारतात. १० नग वजन करून एका नगाचं वजन काढणं धोक्याचं. काटा जेवढा बारीक वाचतो त्याची चूक त्या १० नगांत मोठी होऊन बसते. १०० नग हाताने मोजून घ्या, त्यावरून वजन ठरवा आणि ट्रेचं वजन आधी वजा करा. नवी खेप आली की पुन्हा तपासा. एवढं पुरे, यावर जास्त वेळ घालवत नाहीत.

ट्रकची_वाट

तूट म्हणजे सप्लायरकडून कमी आलेला माल ना? बिलावर १०० आणि उतरवताना ९६. माझ्या मुलाखतीत यावरच पंधरा मिनिटं गेली. मी सांगितलं, जीआरएन ९६चाच करायचा, ड्रायव्हर समोर असतानाच ट्रान्सपोर्टच्या पावतीवर '४ नग कमी' लिहून त्याची सही घ्यायची, आणि पर्चेस व अकाउंट्सला त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे बिल पूर्ण पास होणार नाही. सप्लायर 'उद्या पाठवतो' म्हणाला तरी १००चा जीआरएन करायचा नाही.

नवा_भिडू

मी रॅकवरच्या तुटीबद्दल विचारत होतो, पण हेही लिहून घेतो.

कोठावळा

घेच लिहून, कारण दोन्हींचा संबंध आहे. ते ४ नग आले नाहीत तरी कुणी १००चा जीआरएन केला असेल, तर सहा महिन्यांनी मोजणीत ते रॅकवरची तूट म्हणूनच निघतात. तेव्हा ड्रायव्हर नाही, पावती नाही, काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून तूट शोधताना मागच्या मोजणीनंतरचे जीआरएनही इन्स्पेक्शन रिपोर्टशी ताडायचे. ट्रकची_वाट यांचं उत्तर तिथे कामाला येतं.

बी_शिफ्ट

माझा अनुभव सांगतो. रात्रपाळीला मशीन बंद पडलं, फोरमन धावत आला, स्लिपवर सही करायला त्याचे साहेब नव्हते. मी दोन सील दिले. सकाळी फोरमन म्हणतो मी एकच घेतला. दुसरा माझ्या नावावर तूट म्हणून लागला. मी आज जिथे आहे तिथे मुलाखतीत अगदी हाच प्रसंग विचारला होता: "रात्री ब्रेकडाउन आहे, स्लिप नाही, माल द्याल की नाही?" मी सांगितलं, देणार नाही म्हणजे नाही. नोकरी मिळाली.

ट्रकची_वाट

आमच्याकडे असं उत्तर दिलं असतं तर घरी पाठवलं असतं! लाइन रात्रभर बंद ठेवून स्टोअरवाला नियम सांगत बसला, हे कुठला प्लांट हेड ऐकून घेईल?

खातेवही_ताई

मला 'देणार नाही'च आवडेल. एकदा दार उघडलं की रोजच ब्रेकडाउन होतो.

कोठावळा

ताई, इथे मी तुमच्या बाजूला नाही. मी असं सांगेन: "देईन, पण कागदाशिवाय नाही. घेणाऱ्याच्या हाताने आणीबाणी रजिस्टरमध्ये आयटम, नग, मशीन नंबर, वेळ आणि सही. जुना तुटलेला पार्ट परत येणार असेल तर तोही लिहून घेईन. ड्युटीवरच्या इंजिनिअरला फोन किंवा मेसेज, आणि सकाळची पाळी संपायच्या आत नियमित स्लिप." बी_शिफ्ट यांच्या प्रसंगात दोन सील देताना एक सही घेतली असती तर वादच नव्हता. पण कंपनीच्या लेखी पद्धतीत असं रजिस्टर नसेल तर काय, हा प्रश्न उरतोच.

स्टॉकबहाद्दर

रीऑर्डर राहिलं. त्याचा फॉर्म्युला सरळ आहे. रोजचा खप गुणिले लीड टाइम, त्यावर १० टक्के सेफ्टी. रोज ८ नग, लीड टाइम १५ दिवस, म्हणजे १२०, अधिक १२. रीऑर्डर लेव्हल १३२. पाठ करून जा.

कोठावळा

पहिला भाग बरोबर. ते १० टक्के कुठून आले? मी समोर बसलो असतो तर हेच विचारलं असतं, आणि 'सगळे धरतात' याला मार्क नाहीत.

सेफ्टी स्टॉक कशासाठी? खप वाढला किंवा सप्लायर उशिरा आला तर तग धरायला. मग मागच्या नोंदीतून तेच बघायचं. समजा ६२०५ झेडझेडचा सरासरी खप रोज ८, जास्तीत जास्त १०. माल साधारण १५ दिवसांत येतो, पण उशिरात उशीर २० दिवस झालाय. वाईटात वाईट स्थितीत १० गुणिले २०, म्हणजे २०० लागतील. नेहमीच्या स्थितीत १२०. मधले ८० हा सेफ्टी स्टॉक आणि रीऑर्डर लेव्हल २००. ही पद्धत थोडी घाबरट आहे, खप आणि उशीर दोन्ही एकाच वेळी टोकाला जातील असं धरते. महागड्या आयटमला एवढा माल धरून ठेवायचा का, हे तोलून बघावं लागतं. पण निदान आकडा कुठून आला ते सांगता येतं.

आता हे पहिल्या प्रश्नाला जोडून दाखव. वरच्या शोधानंतर खरा स्टॉक किती? २४० मधून न पोस्ट झालेले १२ गेले, टूआरएसच्या नावाने गेलेले १० गेले, न सापडलेले २ गेले. राहिले २१६, म्हणजे रॅकवरचे २१० आणि ट्रेमधले ६. रोज ८ खपतात, तर २०० ची पातळी दोन दिवसांत येते. सिस्टम मात्र २४० समजून बसलंय, ते पाच दिवसांनी सांगेल 'ऑर्डर द्या'. तीन दिवस उशीर, म्हणजे २४ नग सेफ्टी स्टॉकमधून न सांगता खाल्ले गेले. तुटीची किंमत त्या ३० नगांपुरती नसते, पुढची ऑर्डर चुकते, हे असं आकड्यात सांगितलंस तर दोघेही मान हलवतील.

स्टॉकबहाद्दर

म्हणजे २१६ आहेत, २०० च्या वर आहेत, आज ऑर्डर नाही द्यायची. बरोबर?

कोठावळा

थांब. रॅकवर आहे म्हणून मोकळं आहे असं थोडंच? पुढच्या आठवड्यातल्या मेंटेनन्स शटडाउनसाठी ४० नग राखून ठेवलेत असं समज. रोजच्या खपाला उरले १७६. ऑर्डर आजच द्यायला हवी. उलट, आधीची १०० नगांची ऑर्डर वाटेत असेल तर हिशेब २७६ होतो आणि घाई नाही. म्हणून "स्टॉक रीऑर्डर लेव्हलला आला, काय कराल?" यावर 'इंडेंट टाकेन' एवढंच म्हणायचं नाही. हातात किती, येणार किती, राखून ठेवलेला किती, हे तिन्ही बघून मग इंडेंट.

आणि 'येणार' मध्ये एक सापळा असतो. तीन महिन्यांपूर्वीची ऑर्डर, निम्मा माल आला, उरलेला सप्लायर देणारच नाही, पण ऑर्डर सिस्टममध्ये उघडी आहे. सिस्टम म्हणतं १०० येतायत, म्हणून नवी मागणी काढतच नाही. कसं ओळखायचं? उघड्या ऑर्डरी कबूल केलेल्या तारखेप्रमाणे लावायच्या. तारीख उलटून गेलेल्यांचा पर्चेसकडे पाठपुरावा करायचा, येणार नसेल तर बंद करून घ्यायच्या.

खातेवही_ताई

हे मी विचारतेच. "मिनिमम लेव्हल कधी बदलाल?" लेव्हल एकदा भरली की वर्षानुवर्षं तशीच पडून असते. मशीन बंद झालं, बेअरिंग लागत नाही, सिस्टम मागवत राहतं. खप किंवा लीड टाइम बदलला की लेव्हल बदलायची, आणि जिथे सहा महिने एकही इश्यू नाही तिथे इंडेंट काढायच्या आधी वापरणाऱ्या विभागाला विचारायचं. अर्थात काही स्पेअर असे असतात की चार वर्षं लागत नाहीत आणि लागतात तेव्हा दुसरं काही चालत नाही. ते मेंटेनन्सने लेखी दिलेल्या यादीत असले की माझी हरकत नसते.

नवा_भिडू

ऑर्डर किती नगांची द्यायची यावर ईओक्यू विचारतात का?

कोठावळा

फॉर्म्युला विचारतात, वापरायला क्वचित लावतात. सांगून मोकळा हो, आणि जोडीला म्हण की प्रत्यक्षात सप्लायरची किमान ऑर्डर, खोक्यातले नग, जागा आणि मालाची मुदत यांनी आकडा ठरतो. ग्रीस, सीलंट, रबरी वस्तूंना मुदत असते. तिथे मोठी ऑर्डर स्वस्त पडली तरी शेवटी स्क्रॅपमध्ये जाते.

बी_शिफ्ट

मला एक सांगा, "आधीच्या कंपनीत तुमच्याकडे तूट आली होती का?" यावर काय म्हणायचं? मी 'कधीच नाही' म्हटलं होतं.

खातेवही_ताई

'कधीच नाही' ऐकलं की मी पुढचा प्रश्न विचारते, "मग मोजणी कोण करायचं?" बऱ्याचदा उत्तर येतं, मीच. ज्याच्या ताब्यात माल, तोच मोजणार आणि तोच एंट्री टाकणार, तर तूट दिसणार कुठून? एखादा फरक कसा निघाला, कशामुळे होता आणि त्यानंतर काय बदललं, असं सांगितलेलं मला जास्त पटतं. कंपनीचं नाव आणि रक्कम मात्र सांगत बसू नका.

ट्रकची_वाट

सगळेच मुलाखत घेणारे ताईंसारखे नसतात. काहींना 'तूट आली' एवढंच ऐकू येतं.

नवा_भिडू

रात्रीच्या स्लिपवर तुमचं एकमत नाही, तेव्हा तिथे काकांचं उत्तर देईन, आणि आधी त्यांनाच विचारेन की तुमच्याकडे आणीबाणी रजिस्टर आहे का. चालेल?

कोठावळा

चालेल. 'नाही' म्हणाले तर रात्री मंजुरी देण्याचा अधिकार कुणाला आहे ते विचार. तेही ठरलेलं नसेल, तर ती तूट उद्या कुणाच्या नावावर लागेल हे बी_शिफ्टने वर लिहिलंच आहे.